पाळी मागे गेली तर चालते, पण ती कोणी मागे नेली?



अंजनगाव-सुर्जीकडच्या पानमळ्यात, केळीत किंवा संत्र्याच्या बगिच्यात ज्यानं सामाईक विहिरीवर पाणी ओलवलं आहे, त्याला पाळी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. चार भावांची एक विहीर असते. पावसाळा सरला की पाण्याच्या पाळ्या ठरतात. उन्हाळ्यात झरा कमी झाला की सहा तासांची पाळी तीन तासांवर येते. त्यातही कोणाला रात्री दोनची पाळी येते, आणि थंडीत बॅटरी घेऊन वावरात जावं लागतं. तो माणूस कुरकुरतो, बायकोजवळ चार शब्द बोलतो, पण पाळी पाळतो. भांडण होतं ते वेगळ्याच दिवशी. कोणीतरी न सांगता दुसऱ्याच्या पाळीत दांड फोडतो आणि पाणी आपल्याकडे वळवतो. गेलेलं पाणी तासाभराचं असतं, पण त्या तासापायी दोन घरं वर्षानुवर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

निम्मं पाणी मिळालं तेव्हा जो माणूस गप्प बसला, तोच तासाभराच्या पाण्यासाठी काठी उचलतो. असं का होतं, ते आज ऊसतोडीच्या संदर्भात मांडायचं आहे. ऊस पिकवणाऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचं मोल पुष्कळ अंशी एका प्रश्नावर ठरतं, तो म्हणजे माझ्या वावरात टोळी केव्हा येणार.

आधी नुकसानीचा हिशेब मांडू. उदाहरणापुरतं धरा की एका सभासदाचा दोन एकर सुरू ऊस आहे, एकरी 40 टन पडला असता, म्हणजे एकूण 80 टन. तोड फेब्रुवारीत व्हायची ती एप्रिलअखेर झाली. ऊस पक्व होऊन उभा राहिला, वरून ऊन वाढलं, खाली पाणी द्यायचं की तोडवायचं हे कळेना, तुरे आले, पोकळी धरली. वजनात दहावा हिस्सा गेला असं धरलं तर 8 टन गेले. टनाला 2,800 रुपये दर धरला तर 22,400 रुपये झाले. शिवाय फेब्रुवारीत तुटलेल्या उसाचा खोडवा थंडीच्या शेवटाला फुटून सावरतो, एप्रिलअखेर तुटलेल्याचा खोडवा मे महिन्याच्या उन्हात फुटतो, आणि आपल्याकडे तेव्हा विहिरीचा तळ दिसतो. हे आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येकाच्या वावरात ते वेगळे येतील. पण तोड लांबली की खिशातून पैसा जातो आणि पुढच्या वर्षाचाही जातो, एवढं त्यातून दिसतं.

आता सगळ्यांनाच फेब्रुवारीत तोड देता येईल का? नाही. कारखान्याची रोजची गाळपक्षमता ठरलेली, हंगाम चार-पाच महिन्यांचा, टोळ्या मोजक्या. कोणीतरी डिसेंबरात तुटणार आणि कोणीतरी एप्रिलात. म्हणजे नुकसान कोणाच्या तरी वाट्याला येणारच. ते कोणाच्या वाट्याला यावं हा वाटपाचा न्याय झाला. ते कसं ठरवावं, कोणी ठरवावं आणि कोणासमोर ठरवावं हा पद्धतीचा न्याय झाला. माणसं या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा ठेवतात.

क्रम कसा लावतात ते आपल्याला ठाऊकच आहे. लागवड झाली की नोंद होते. आडसाली जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, आणि मग खोडवा. आडसाली सोळा-अठरा महिन्यांनी, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांनी, सुरू आणि खोडवा बारा महिन्यांच्या आसपास तोडीला येतो. लागवडीची तारीख, जात आणि पक्वता पाहून गटवार तोडणी कार्यक्रम तयार होतो, आणि हंगाम सुरू झाला की चिटबॉय त्याप्रमाणे तोडचिठ्ठ्या देतो.

कागदावर हे सरळ दिसतं. वावरात मात्र क्रम बदलावा लागतो, आणि त्याची काही कारणं खरी असतात. एक टोळी बैलगाडी किंवा ट्रॅक्टर घेऊन एका शिवारात उतरली की तिला तिथले तीन-चार प्लॉट संपवूनच हलवावं लागतं. केवळ तारखेप्रमाणे आज या गावात आणि उद्या पंधरा कोसांवर असं फिरवलं तर टोळीचा दिवस रस्त्यावर जाईल आणि कारखान्याचा गव्हाणीवरचा ऊस तुटेल. म्हणून तुमच्या शेजाऱ्याचा ऊस तुमच्यानंतर लावलेला असूनही दहा दिवस आधी तुटू शकतो. कुठं पावसानं पांदण बंद झालेली असते, कुठं ऊस लोळलेला असतो. ही कारणं आहेत, वशिला नाही. पण धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला कारण आणि वशिला यांतला फरक दिसणार कसा? दोन्हींत त्याला शेजाऱ्याच्या वावरातून ट्रॉली निघालेली दिसते, एवढंच.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका भागात मी पाहुणा म्हणून गेलो होतो. गावाचं आणि कारखान्याचं नाव घेत नाही. जानेवारीची सकाळ होती. एक कास्तकार शेतकी खात्याच्या माणसापुढं उभा होता. साहेबानं समजावलं, “तुमचा ऊस पंधरा दिवसांत निघेल, घाबरू नका.” तो म्हणाला, “साहेब, पंधरा दिवसाचं मले काही नाही. माहा नंबर मांगं गेला त्याचं दुःख नाही. कोनाचा पुढं गेला अन् काहून गेला, येवढं सांगा.” साहेबानं पुन्हा पंधरा दिवसांचंच आश्वासन दिलं. मागितलं होतं कारण, आणि मिळत होती तारीख. त्या रात्री त्या शिवारात एका प्लॉटला आग लागली. कोणी लावली ते मला ठाऊक नाही, आणि ते सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण सकाळी तिथं टोळी हजर होती.

या आगीविषयी थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. जळालेला ऊस थांबवता येत नाही. पानं जळतात, कांड्यांना झळ लागते, रस आटू लागतो आणि साखरेचं विघटन सुरू होतं. दिवस गेला तसा वजनात आणि उताऱ्यात फटका बसतो. म्हणून जळीत उसाला आधी तोड द्यायची हा सगळीकडचा नियम, आणि त्याबद्दल दरात काही कपात करायची हाही नियम. नियम चांगल्या हेतूचा आहे, कारण विजेच्या तारेची ठिणगी पडून ज्याचा ऊस जळाला त्याला उघड्यावर सोडता येत नाही. पण याच नियमानं रांगेला मागचं दार मिळतं. ज्याचा क्रमावर विश्वास उरला नाही तो हिशेब करतो, कपात सोसली तरी एप्रिलपर्यंत थांबण्यापेक्षा काडी ओढलेली बरी. तो स्वतःच्याच पिकाला आग लावतो.

म्हणून माझ्या मते, कोणत्याही कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमावर सभासदांचा विश्वास किती हे पाहायचं असेल तर भाषणं ऐकू नयेत, जळीत उसाचं रजिस्टर उघडावं. अपघाताच्या आगी सगळ्या गटांत थोड्याफार विखुरलेल्या असतात आणि ऊन वाढलं की वाढतात. पण एका गटात जळीत अचानक वाढलं, तेही टोळ्या जवळच्या शिवारात असताना, आणि शेजारच्या गटात वाढलं नाही, तर त्या गटात रांग मोडली आहे असं समजावं. दुसरी खूण म्हणजे टोळीचा मुकादम आणि वाहनाचा चालक यांना द्यावी लागणारी ‘एन्ट्री’. ज्या गावात तिचा भाव वाढतो तिथं तोडचिठ्ठीची किंमत उतरलेली असते. तिसरी खूण म्हणजे नोंदीतल्या तारखा. एकाच आठवड्यात साऱ्या गावाची लागवड झाल्याचं वहीत दिसू लागलं, तर लोक पुढचा नंबर मिळवण्यासाठी तारखा मागे ओढत आहेत.

हे टोकाला गेलं की काय होतं ते महाराष्ट्रानं 2021-22 च्या हंगामात पाहिलं. त्या वर्षी ऊस विक्रमी होता. मराठवाड्यात मे महिना आला तरी ऊस उभा होता, आणि काही कारखान्यांची धुराडी जूनच्या मध्यापर्यंत पेटती ठेवावी लागली. मे 2022 मध्ये बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात एका शेतकऱ्यानं तोड मिळत नाही म्हणून आपला उभा ऊस पेटवला आणि स्वतःचं जीवन संपवलं. सरकारनं त्याच महिन्यात 1 मे नंतर गाळल्या जाणाऱ्या उसाला टनामागे 200 रुपये आणि लांबच्या वाहतुकीला वेगळं अनुदान जाहीर केलं. ते योग्यच झालं, वाटपातली तूट काही अंशी भरून निघाली. पण शेवटच्या क्षणी मिळालेल्या पैशानं एका प्रश्नाचं उत्तर मिळत नाही: माझा नंबर किती होता, आणि तो रोज मागे कसा सरकत गेला? ज्याला हे उत्तर जानेवारीत मिळतं तो दुसरी वाट शोधू शकतो, गुऱ्हाळ पाहतो, बेण्याला ऊस देतो, दुसऱ्या कारखान्याशी बोलतो. मे महिन्यापर्यंत ‘आठ दिवसांत’ एवढंच ऐकणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

माणसाचा हा स्वभाव केवळ कास्तकाराचा नाही. अमेरिकेत जेराल्ड ग्रीनबर्ग नावाच्या संशोधकानं 1990 साली एका कंपनीच्या तीन कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनीची मोठी कामं हातची गेली होती, म्हणून दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी सर्वांच्या पगारात 15 टक्के कपात झाली. तिसऱ्यात कपात नव्हती. कपात झालेल्या एका कारखान्यात कंपनीच्या अध्यक्षानं स्वतः कामगारांसमोर सुमारे दीड तास बसून आकडे दाखवले, कोणाला कामावरून काढावं लागू नये म्हणून हे करतो आहोत असं सांगितलं, खेद व्यक्त केला आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत निर्णय सांगून अधिकारी निघून गेला. कपात दोन्हीकडे सारखीच, एक टक्काही कमी-जास्त नाही. पण दुसऱ्या ठिकाणी मालाची चोरी पहिल्यापेक्षा पुष्कळ वाढली आणि नोकरी सोडून जाणारेही जास्त निघाले. पगार पूर्ववत झाल्यावर चोरीही खाली आली.

याचा अर्थ असा नाही की पहिल्या कारखान्यातले कामगार आनंदात होते. चोरी तिथंही थोडी वाढलीच, कारण पोटाला चिमटा बसला होता. पण आपल्याला फसवलं असं त्यांना वाटलं नाही. तोडीतही तसंच आहे. पहिल्याच टोळीत ज्याचा ऊस गेला तो क्रम कसा लावला हे विचारायला कधी येत नाही. पद्धत चांगली आहे की वाईट याची चौकशी करतो तो ज्याचा नंबर मागे गेला तोच. म्हणून पद्धत बांधायची ती त्याच्यासाठी. कार्यक्रम तपासायचा असेल तर पहिल्या दहा सभासदांना विचारून उपयोग नाही, शेवटच्या दहांना विचारावं.

त्या शेवटच्या दहांना काय लागतं? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, यादी आधी आणि उघड हवी. लागवडीची नोंद शेतकी कर्मचाऱ्यानं वावरात जाऊन घ्यावी, तारीख आणि क्षेत्र सभासदाच्या सहीनं लिहावं, आणि हंगामाआधी गावाची पूर्ण यादी चावडीवर लावावी. त्यात स्वतःचाच नव्हे तर सगळ्यांचा नंबर दिसला पाहिजे. खोटी तारीख पकडण्यात कर्मचाऱ्यापेक्षा शेजारी पटाईत असतो, कारण त्यानं ते वावर नांगरताना पाहिलेलं असतं. हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावेत आणि आलेल्या हरकतीचा निकाल लिहून द्यावा. आता नोंदी मोबाइलवर होतात हे चांगलं, पण सभासदाला त्यात फक्त स्वतःचं नाव दिसत असेल तर फलकाची गरज संपत नाही.

दुसरी, क्रम मोडला तर त्याच दिवशी लिहावं. यासाठी गट कार्यालयात वेगळी वही हवी: कोणाचा नंबर पुढे घेतला, कोणाचा मागे गेला, कारण काय आणि सही कोणाची. ‘टोळी त्याच शिवारात होती’, ‘पांदण बंद’, ‘जळीत, पंचनामा झाला’, अशी एका ओळीची कारणं पुरतात. ‘वरून फोन आला’ हे कारण वहीत लिहिता येत नाही, आणि तेच या वहीचं काम आहे. संचालकाचा, त्याच्या भावाचा आणि शेतकी अधिकाऱ्याच्या सासुरवाडीचा ऊसही याच वहीतून जावा. दहा सभासदांच्या बैठकीपेक्षा, संचालकाच्या वावरात मार्च महिन्यात उभा असलेला ऊस लोकांना जास्त पटतो.

तिसरी, तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडेच निकालाला जाऊ नये. चिटबॉयनं नंबर चुकवला तर गटप्रमुखाकडे, गटप्रमुखानं चुकवला तर त्या गटाबाहेरच्या दोन सभासदांकडे. प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी बागायतदारांपैकी कोणी नव्हे, तर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ बसले होते. विठ्ठलराव विखे पाटलांसारखे गावचे कर्ते सोबत होतेच. बाहेरच्या माणसाचा कोणत्याही गटात धुरा नसतो, म्हणून त्याच्या निर्णयाला हितसंबंधाचा वास लागत नाही.

आता एक आक्षेप मीच घेतो. पद्धत उघड आणि नीट असली की झालं का? नाही झालं. इथं सावध राहायला पाहिजे, कारण चांगली पद्धत वाईट वाटपावर पांघरूणही घालू शकते. लागवडीच्या तारखेचा नियम सर्वांना सारखा दिसतो. पण आडसाली लावायला ज्याच्याकडे बारमाही पाणी आणि दीड वर्ष थांबायची ताकद आहे तोच लावू शकतो. कमी पाण्याचा लहान कास्तकार सुरू ऊस लावतो, आणि दरवर्षी तोच रांगेच्या शेवटी उभा राहतो. नियम कोणी मोडला नाही, वही स्वच्छ आहे, तरी उन्हाळ्याचा फटका दरवर्षी त्याच घरांना बसतो. एक वर्ष शेवटचा नंबर लागणं हे नशीब म्हणता येईल. पाच वर्षं सलग तोच शेवटी असेल तर तो नियमाचा दोष आहे.

त्यावर उपाय वाटपातच शोधावा लागतो. उशिरा तुटलेल्या उसाला टनामागे वाढीव रक्कम देण्याची रीत कित्येक कारखान्यांत आहे. ती उपकार म्हणून हंगामाच्या शेवटी जाहीर होण्याऐवजी हंगामाच्या आधी, तारखेनुसार चढत्या क्रमानं जाहीर व्हावी. म्हणजे मागे राहणाऱ्याला आपली तूट किती भरून निघणार ते आधीच कळेल. वरच्या उदाहरणातल्या सभासदाची तूट 22,400 रुपयांची आणि ऊस उरला 72 टन. टनाला 200 रुपये वाढीव मिळाले तर 14,400 रुपये हातात येतात. 8,000 रुपयांची तूट उरतेच, पण ती त्याला आधीपासून ठाऊक असते आणि सगळ्यांसमोर ठरलेली असते. शिवाय लागोपाठ दोन वर्षं शेवटच्या पंधरवड्यात तुटलेल्या प्लॉटला तिसऱ्या वर्षी, पक्वता असेल तर, पुढे घ्यावं. विहिरीवर रात्रीची पाळी एकाच भावाला आपण कायमची देत नाही, ती फिरवतो.

दुसरा धोका देखाव्याचा. हरकती मागवायच्या आणि कपाटात ठेवायच्या, बैठक बोलवायची आणि निर्णय आधीच झालेला असायचा. हे न विचारण्यापेक्षा वाईट. ज्याला कधी विचारलंच नाही तो फक्त नाराज असतो. ज्याला विचारून फसवलं तो पुढच्या वेळी फलकावरच्या खऱ्या यादीवरही विश्वास ठेवत नाही. पंधरा हरकतींपैकी बारा फेटाळल्या तरी चालतील, पण प्रत्येकीला कारण लिहून मिळालं पाहिजे, आणि उरलेल्या तिनांमुळे यादी खरोखर बदललेली दिसली पाहिजे.

या सगळ्याला खर्च किती? एक फलक, एक वही, आणि रोज संध्याकाळी गटप्रमुखाची पंधरा मिनिटं. उलट बाजूला जळीत उसाचा गेलेला उतारा आणि ‘एन्ट्री’त गेलेला पैसा मांडून पाहा. वही उघडी ठेवायला ज्याची हरकत असेल, त्यानं त्या हरकतीचं कारणही वहीतच लिहावं.

येत्या आमसभेत हा विषय कोणी मांडणार असेल तर माझी एकच विनंती आहे. चर्चा सुरू करण्याआधी मागल्या हंगामातलं जळीत उसाचं गटवार रजिस्टर सभागृहात वाचून दाखवावं. कोणत्या गटात काय बिघडलं ते त्या आकड्यांतून कळेल, आणि मग कोणावर आरोप करण्याची गरज पडणार नाही.

— एक सभासद